दोन पुड्या, एक तलफ

लग्नाच्या पंगतीनंतर सुपारीचं तबक फिरतं. एखादी नव्याने साडी नेसायला लागलेली मुलगी कौतुकाने खांड तोंडात टाकते आणि पाच मिनिटांत भिंतीला टेकून बसते. कान गरम, कपाळावर घाम, छातीत धडधड, घशात काहीतरी अडकल्यासारखं. मग कुणी साखर भरवतं, कुणी मीठ चाटवतं, आणि एखादी मावशी निदान सांगून मोकळी होते : "काही नाही गं, सुपारी लागली तिला."

सुपारी "लागते". आंबा लागत नाही, बडीशेप लागत नाही. लागतात त्या अंमल करणाऱ्या गोष्टी. आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखून ठेवलंय, आणि तरी माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जणांच्या मनात हिशेब असा असतो की पुडीतली तंबाखू वाईट आणि सुपारी बिचारी मुखशुद्धीची. मी जालन्यात दातांचा डॉक्टर आहे. दातांपेक्षा गालच जास्त बघावे लागतात, अशी आमच्या भागाची परिस्थिती आहे.

दोन वर्षांपूर्वी एक टेम्पोवाला आला. वय एकतीस. मोसंबीचा माल घेऊन रात्री निघायचा आणि नगरवरून माळशेज घाट उतरून पहाटे वाशीच्या बाजारात पोचायचा. तक्रार वेगळीच होती. "सर, पाणीपुरी तोंडात जाईना. बायको हसती. फोडून खावी लागती."

तोंड उघडायला सांगितलं, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं. २२ मिलिमीटर. धडधाकट माणसाचं चाळीसच्या आसपास भरतं. घरी अंदाज घ्यायचा तर आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकमेकांवर उभी धरून दातांमध्ये जातात का बघायचं. त्याची दीडच गेली. गाल आतून गुलाबी असायला हवा, तो पांढुरका, संगमरवरासारखा दिसत होता. बोट फिरवलं तर आत उभ्या दोऱ्या ताणल्यासारख्या हाताला लागत होत्या. शिट्टी वाजव म्हटलं तर नुसती हवा गेली.

"तंबाखू?" विचारलं.

"सोडली की, चार महिने झाले. आता नुसता साधा मसाला खातो."

हे सगळं लिहायला बसलो ते या एका उत्तरामुळे. त्याने खरंच तंबाखूची पुडी बंद केली होती, खोटं बोलत नव्हता. त्याच्या गालाच्या बाबतीत मात्र त्याने चुकीची पुडी बंद केली होती. आणि उरलेली पुडी त्याला पुन्हा पहिलीकडे घेऊन जाणार होती, हेही जवळजवळ ठरलेलं होतं.

मुळात पुड्या दोन का, तेवढं आधी सांगतो. गुटखा पूर्वी एकाच पुडीत मिळायचा, सुपारी, चुना, कात, सुगंध आणि तंबाखू असा सगळा एकत्र. २०११ सालच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत आलं की कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येणार नाही. त्याचा आधार घेऊन राज्यांनी गुटख्यावर बंदी आणली, महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये. उत्पादकांनी मग गुटख्याचे दोन तुकडे केले. एका पुडीत तंबाखू नसलेला पानमसाला, दुसऱ्या चिमुकल्या पुडीत तंबाखू. गिऱ्हाईक दोन्ही फाडतं, एकत्र करतं, हलवतं आणि तोंडात ओततं. आपल्या राज्यात पानमसालाही बंदीतच आहे, सुगंधित सुपारी, मावा आणि खर्राही. बंदीचा आदेश वर्षा-वर्षाने नव्याने निघतो, आणि जोडी टपरीच्या फळीखालून मिळत राहते. विदर्भात पन्नीत घोटलेला खर्रा, आपल्याकडे मावा, ही त्याच मिश्रणाची हाताने केलेली रूपं.

कायद्यासाठी पुड्या वेगळ्या झाल्या. तोंडात त्या दोन मिनिटांत एक होतात, आणि तिथे नेमकं काय होतं ते बघण्यासारखं आहे.

सुरुवात चुन्यापासून करू, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तंबाखूतलं निकोटिन दोन रूपांत असतं. एका रूपावर विद्युतभार असतो. ते गालाच्या अस्तरातून आत शिरू शकत नाही, थुंकीबरोबर बाहेर पडतं किंवा गिळलं जातं. दुसरं भाररहित रूप मात्र अस्तरातून सरळ रक्तात उतरतं. कुठलं रूप किती असेल हे आजूबाजूला आम्ल आहे की अल्क यावर ठरतं, म्हणजे पीएचवर. पीएच ७ असेल तर शंभरातलं जेमतेम ९ भाग निकोटिन शिरण्याजोगं असतं. तो ८ झाला की ५० भाग आणि ९ झाला की ९० भाग. निकोटिन तेवढंच, तंबाखू तेवढीच, पण चिमूटभर चुन्याने आत जाणारा वाटा कितीतरी पटींनी वाढतो. तळहातावर तंबाखूला चुना लावून मळणाऱ्या आजोबांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण चुना कमी पडला की "किक बसत नाही" हे पक्कं ठाऊक होतं. पानमसाल्याच्या पुडीवर घटक वाचलेत तर तिथे चुना असतो. म्हणजे छोट्या पुडीतल्या तंबाखूला लागणारा चुना मोठ्या पुडीतून येतो. तंबाखू नाही असं छापलेली ती पुडी तंबाखूसाठी दार उघडून ठेवते.

आता सुपारी. तिच्यात अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. आपल्या मज्जासंस्थेत असिटाइलकोलिन नावाचा एक निरोप्या फिरत असतो, आणि त्याचा निरोप घेणारी कुलपं दोन जातींची असतात. संशोधकांनी या कुलपांना नावं दिली ती त्यांना फसवून उघडणाऱ्या द्रव्यांवरून. एका जातीला एका विषारी अळंबीतल्या मस्करिनवरून, दुसरीला तंबाखूतल्या निकोटिनवरून. अरेकोलिन प्रामुख्याने पहिल्या जातीची कुलपं उघडतं. लाळ सुटणं, घाम येणं, हे त्याच कुलपांचं काम. लग्नातल्या त्या मुलीला "लागली" ती हीच. निकोटिन दुसऱ्या जातीची कुलपं उघडतं आणि मेंदूत बक्षीस मिळाल्याची जाणीव पेरतं.

निरोप्या एक, कुलपं दोन जातींची आणि दोन पुड्यांत दोन खोट्या किल्ल्या. इथपर्यंतचं बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की अरेकोलिन दुसऱ्या जातीची, म्हणजे निकोटिनची कुलपंही थोडीफार उघडतं. आणि ज्या प्रकारच्या कुलपांवर तंबाखूचं व्यसन मुख्यतः उभं असतं, त्यांवरच. म्हणजे सुपारीला व्यसनासाठी तंबाखूच्या टेकूची गरज नाही, ती स्वतःच्या हिमतीवर लागते. तंबाखू सोडून साधा मसाला खाणाऱ्या माणसाचा मेंदू निकोटिनच्या कुलपांतून पूर्णपणे मोकळा होतच नाही. कुलपात किल्ली थोडी फिरत राहते.

चुना इथेही हात मारतो. त्याच्या संगतीत अरेकोलिनचं काही प्रमाणात अरेकायडिनमध्ये रूपांतर होतं, आणि हे द्रव्य मेंदूतल्या शांतवणाऱ्या रसायनाची उचल रोखतं, म्हणजे ते रसायन जास्त वेळ काम करत राहतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. "पुडी टाकली की झोपही उडते आणि डोकंही थंड राहतं" असं ड्रायव्हर लोक सांगतात तेव्हा ते विरोधाभासी वाटतं. मला आता ते पुष्कळसं बरोबर वर्णन वाटतं. त्यात सुपारीमुळे सुटलेली भरपूर लाळ तंबाखूचा अर्क गालभर पसरवते, हे वेगळंच.

माझा टेम्पोवाला दिवसाला दहा जोड्या खायचा. एक जोडी साधारण वीस मिनिटं गालात. गुणाकार केला तर तीन तास वीस मिनिटं होतात. रोज एवढा वेळ गालाचं अस्तर या चुनेरी काढ्यात भिजत होतं, सात वर्षं.

त्या भिजण्याने गाल कसा आवळतो? आपल्या त्वचेखाली आणि गालाच्या अस्तराखाली कोलॅजन नावाच्या तंतूंचं विणकाम असतं. जिवंत शरीरात ते एकदा विणून ठेवलेलं नसतं. काही पेशी सतत नवे तंतू विणतात आणि काही रसायनं जुने तंतू सतत कापून काढतात. हा समतोल आहे तोवर गाल रबरासारखा ताणला जातो आणि परत येतो. सुपारी या समतोलावर तिन्ही बाजूंनी घाव घालते. अरेकोलिन विणणाऱ्या पेशींना जास्त विणायला लावतं. सुपारीत तांबं बऱ्यापैकी असतं, आणि तंतूंना एकमेकांशी टाके घालणारं जे विकर आहे ते तांब्यावर चालतं, त्यामुळे टाके वाढतात. आणि तिसरी गोष्ट टॅनिनची. बाभळीच्या सालीच्या पाण्यात कातडं भिजवून कमावतात, ते टॅनिनमुळे. कच्चं कातडं कुजतं, कमावलेलं कुजत नाही, कारण टॅनिन कोलॅजनला असं बांधून टाकतं की कापणाऱ्या रसायनांचं त्याच्यापुढे काही चालत नाही. सुपारीत टॅनिन भरपूर आणि पुडीतला कात तर त्याचा खजिनाच. साध्या शब्दांत, माणूस स्वतःचा गाल आतून कमावत असतो. जिवंतपणी.

या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, म्हणजे अस्तराखाली तंतू साठणं. त्याचं वर्णन पहिल्यांदा १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केलं, पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडांवरून. आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉ. जोशी यांनी त्याला आजचं नाव दिलं. म्हणजे हा आजार गुटख्याच्या पुडीहून जुना आहे. प्लास्टिकची पुडी बाजारात यायला तेव्हा अवकाश होता. मग पुडीने काय केलं? तिने घाई केली. पानाच्या विड्यात बराचसा ऐवज ओल्या पानाचा असतो. पुडीत जवळजवळ सगळा कोरडा, बारीक केलेला, दाट माल. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या एका अभ्यासात विडा खाणाऱ्यांना हा आजार दिसायला सरासरी साडेआठ वर्षं लागली होती, पानमसाला-गुटखा खाणाऱ्यांना तीन वर्षांहूनही कमी. माझ्याकडे पंचविशीच्या आतली मुलं आवळलेली तोंडं घेऊन का येतात, त्याचं उत्तर मला तरी इथे मिळतं.

इथपर्यंत तंबाखूचा संबंध नव्हता हे लक्षात घ्या. गाल आवळण्याचं काम सुपारी एकटीने करते. टेम्पोवाल्याने तंबाखू सोडून चार महिने मसाला चालू ठेवला, तेव्हा त्याचा गाल आवळतच होता.

तंबाखू आणते ते वेगळं विष. तंबाखूचं पान वाळवताना आणि मुरवताना त्यात नायट्रोसामाइन नावाची रसायनं तयार होतात. त्यांतली दोन, पेशींच्या आत शिरून, तिथे रूप बदलून डीएनएला चिकटतात आणि त्यांना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. सुपारीतल्या अरेकोलिनपासूनही तोंडातल्या तोंडात अशीच काही नायट्रोसामाइन्स बनतात. सुपारी चघळणाऱ्यांच्या लाळेत ती सापडली आहेत. शिवाय चुन्याच्या अल्कात सुपारीतल्या द्रव्यांपासून पेशींना जाळणारे ऑक्सिजनचे आक्रमक कण निघतात. आधीच तंतूंनी आवळलेलं, रक्तपुरवठा घटलेलं, पातळ झालेलं अस्तर, आणि त्यावर रोज ही दोन्हीकडची मारणारी रसायनं. नासलेली पेशी दुरुस्त व्हायची किंवा मरायची, त्याऐवजी कधीतरी एखादी भलतीच वाढू लागते.

दोन्ही एकत्र असल्याने किती फरक पडतो? २०१४ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज प्रसिद्ध झाली. भारतीय उपखंडात तंबाखूशिवाय सुपारीचा विडा खाणाऱ्यांना तोंडाच्या कर्करोगाचा धोका न खाणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट निघाला. तंबाखू घातलेला विडा खाणाऱ्यांना पावणेआठ पट. लोक हा आकडा ऐकून "बघा, तंबाखूच खरी" म्हणतात. मी त्यांना अडीचकडे परत बघायला सांगतो. "साध्या"चा अडीच पट हा आकडा अजिबात साधा नाही.

सुपारी निर्दोष हा समज नुसत्या अडाणीपणातून आलेला नाही, हेही कबूल करायला हवं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये जाहीर केलं की तंबाखू घातलेला विडा माणसात कर्करोग करतो. नुसत्या सुपारीच्या विड्याबद्दल मात्र तेव्हा पुरावा अपुरा मानला होता. सुपारीला स्वतंत्रपणे त्या पहिल्या गटात टाकणारा अहवाल २००४ मध्ये आला. मधली वीस वर्षं सगळा प्रचार तंबाखूविरुद्ध झाला. शाळेच्या भिंतीवर तंबाखूचा राक्षस रंगवला गेला, आणि राक्षसाच्या हातातली सुपारी कुणी रंगवली नाही. त्याच काळात तंबाखू नसल्याचं मिरवणारा मसाला घरोघरी, अगदी पाहुण्यांच्या तबकात गेला. त्याच संस्थेच्या हिशेबाने २०२२ मध्ये जगभर तोंडाच्या कर्करोगाचे जे ३,८९,८०० रुग्ण निघाले, त्यांतल्या १,२०,२०० जणांचा आजार धूरविरहित तंबाखू किंवा सुपारीमुळे होता, आणि त्यांतले ८३,४०० एकट्या भारतातले.

टेम्पोवाल्याकडे परत येऊ. त्याला मी तंबाखूचं काही बोललोच नाही. विचारलं, मसाला बंद केलास तर काय होईल? तो म्हणाला, "त्ये नाही जमायचं सर. एकदा करून बघितलं. दोन दिवसांत गाडीत भांडणं व्हायला लागली क्लीनरशी."

सुपारीची सुटण्याची अवस्था अशी असते. चिडचिड, बेचैनी, झोप न लागणं, कामात लक्ष न लागणं. निकोटिनचीही जवळजवळ अशीच असते, म्हणूनच माणसाला दोन्ही वेगळी ओळखता येत नाहीत. रक्तातलं निकोटिन दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणून दिवसाला दहा जोड्या खाणाऱ्याचा हात दोन तासांच्या आतबाहेर खिशाकडे जातो. पण ही तलफ निकोटिनची आहे, अरेकोलिनची आहे, की पुडी दाताने फाडण्याच्या आवाजाची, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. वर्षानुवर्षं दोन्ही एकाच क्षणी, एकाच चवीत, एकाच हालचालीत आलेली असतात. त्यामुळे एक चालू ठेवली की ती दुसरीची आठवण काढत राहते. साध्या मसाल्याचा वेलची-सुगंध, तीच खरखर, तोच चुना जिभेला लागला की मेंदू पुढच्या वाट्याची वाट बघू लागतो. तो आला नाही की पुडी "फिकी" लागते. मग एखाद्या रात्री, एखाद्या टपरीवर, "आजच्या दिवस".

त्याच्या बाबतीत ते आळेफाट्यावर झालं. पुढे माळशेजचा घाट, बाहेर पाऊस, डोळ्यांवर झोप. त्याने पुढच्या भेटीत स्वतःच सांगितलं, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. साधा मसाला त्याने चालूच ठेवला होता ना.

त्या भेटीनंतर आम्ही दोन्ही एकाच दिवशी बंद करायचं ठरवलं. आधी एक मग दुसरं हा हिशेब पायरीपायरीचा आणि शहाणपणाचा वाटतो, पण या जोडीपुरता मला तो उलटताना जास्त दिसलाय. दिवस निवडला तो टेम्पो सर्व्हिसिंगला जाणार होता तो. चार दिवस रात्रीचा प्रवास नाही. टेम्पोच्या डॅशबोर्डवरची, सीटखालची, चड्डीच्या खिशातली, सगळी शिल्लक बायकोने गोळा करून चुलीत घातली. क्लीनरला सांगितलं की याच्यासमोर पुडी फाडायची नाही. क्लीनरला ते जड गेलं म्हणे.

औषधांची गंमत इथे उघडी पडते. निकोटिनसाठी औषधं आहेत : च्युइंगम, पट्टी, काही गोळ्या. सुपारीच्या व्यसनासाठी म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध अजून नाही. म्हणजे जोडीतल्या निम्म्या शत्रूवर आपल्याकडे हत्यार आहे, उरलेल्या निम्म्यासाठी माणूस, त्याचं घर आणि समुपदेशन. हे आधी सांगितलं नाही तर माणूस च्युइंगम चघळतो, तरी चिडचिड राहते, आणि "हे गम काही कामाचं नाही" म्हणून फेकून देतो.

बरेच जण ते चुकीचंही चघळतात. निकोटिनचं गम साध्या गमसारखं कचाकचा चावायचं नसतं. हळूहळू चावायचं, झणझणी आली की थांबून गालात ठेवून द्यायचं. झणझणी गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचं. भराभर चावलं तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी आणि मळमळ होते, आणि तलफ तशीच. त्याच्या पंधरा मिनिटं आधी आणि चघळताना चहा, कॉफी, लिंबूसोडा घ्यायचा नाही, कारण आंबटपणाने निकोटिनचं शिरण्याजोगं रूप कमी होतं. वरचं चुन्याचं गणित आठवतंय ना? तेच गणित उलटं. हे गम बनवणारे त्यात सौम्य अल्क घालतात तेही त्याचसाठी. आपल्या आजोबांचा चुना, फक्त मोजून.

टेम्पोवाल्याला मात्र मी गम दिलं नाही. २२ मिलिमीटर उघडणाऱ्या जबड्याला दिवसभर चघळायला लावणं म्हणजे शिक्षाच. त्याला पट्टी दिली, दंडावर लावायची, रोज जागा बदलायची. त्यामुळे निकोटिनची बाजू दिवसभर शांत राहिली, आणि त्याला पहिल्यांदा कळलं की उरलेली जी बेचैनी आहे ती सुपारीची आहे. "म्हंजी सुपारी येगळी लागत हुती व्हय," असं म्हणून तो बराच वेळ गप्प बसला. तोंडात घालायला काहीतरी हवंच, म्हणून भाजलेली बडीशेप आणि ओवा. लवंग नको सांगितलं. आवळलेल्या तोंडात आधीच तिखटाची आग होते. आणि सुगंधी सुपारी, गोड सुपारी, खारी सुपारी, बाळंतपणाच्या शिदोरीतली सुपारी, ही सगळी सुपारीच. यावर तासभर वाद झाला असेल. घरात डॉक्टर नाही तेव्हा १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय क्रमांक, फुकट, तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो. तिथे सुपारीचंही सांगावं, नुसती तंबाखू नाही.

गालाचं काय? जे तंतू विणले गेले ते सोडल्याने विरघळत नाहीत. हे मी रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगतो, नाहीतर दोन महिन्यांनी तोंड तेवढंच बघून त्याचा धीर सुटतो. सोडण्याने पुढचं विणकाम मंदावतं. उघडण्यासाठी व्यायाम असतो, तो अगदी घरगुती. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये घालायच्या, मिनिटभर धरायच्या, जमेल तेव्हा त्यात एक काडी सरकवायची. दिवसातून पाच-सहा वेळा. शिवाय काहींना गालात स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, खूपच आवळलं असेल तर शस्त्रक्रिया. पण इंजेक्शन घेऊन पुडी चालू ठेवणाऱ्याचं तोंड काही महिन्यांत पुन्हा तिथेच येतं, मी स्वतः मोजलंय.

कर्करोगाची भीती सोडल्यावरही पुसली जात नाही. केरळात एर्नाकुलममध्ये या आजाराच्या ६६ जणांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं होतं. त्यांतल्या पाच जणांना पुढे कर्करोग झाला, म्हणजे शंभरात साडेसात. बाकीच्यांना झाला नाही हेही खरंच. पण कोण कुठल्या बाजूला जाईल हे गाल बघून सांगता येत नाही, म्हणून सहा महिन्यांनी तपासणी, आणि मध्ये एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, लाल-पांढरा खडबडीत चट्टा उठला, गालात गाठ लागली, तर सहा महिन्यांची वाट बघायची नाही. तुकडा काढून तपासल्याशिवाय अशी जखम "तोंड आलंय" म्हणून सोडू नये. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर माझ्या डोळ्यांसमोर लोकांचे महिने वाया गेलेत.

परवा आला तेव्हा सोडून अकरा महिने झाले होते. मध्ये एकदा पोळ्याला घसरला, एक जोडी, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. काड्या आता जास्त मावत होत्या म्हणे. मी पट्टीने मोजलं तर २९ मिलिमीटर. गालातल्या दोऱ्या अजून हाताला लागत होत्या. तिखटाची आग बरीच कमी होती, भाकरीबरोबर ठेचा चालतो म्हणाला.

"मग सर, पाणीपुरी?"

"छोटी असली तर बघ."

"छोटी मिळती वाशीला," तो म्हणाला, आणि खिशातून बडीशेपेची डबी काढून माझ्यापुढे धरली.